भिंतीला विटा किती? उत्तर सांध्यात आहे

घराला एक खोली वाढवायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो विटांचा. भट्टीवाल्याकडे भाव हजारावर चालतो, ट्रॉलीही हजाराच्या हिशेबानेच भरते, त्यामुळे मालकाला आधी आकडा सांगावा लागतो. गवंडी अनुभवाने एक अंदाज देतो, शेजारी दुसरा देतो, आणि मोबाइलवर शोधलं तर तिसराच मिळतो. तिघांत शे-दोनशेचा नव्हे, हजार विटांचाही फरक पडतो. या फरकाचं मोठं कारण एकच असतं : दोन विटांमधला सिमेंट-वाळूचा माल. कोणी तो हिशेबात घेतलेला नसतो, कोणी घेतलेला असतो पण चुकीच्या बाजूने, आणि कोणी दुसऱ्याच मापाच्या विटेचा आकडा आपल्या विटेला लावलेला असतो.

भिंतीत बसलेली वीट स्वतःच्या मापापेक्षा थोडी जास्त जागा अडवते. तिच्या एका टोकाला उभा सांधा असतो आणि खाली आडवा सांधा असतो. दुसऱ्या टोकालाही सांधा दिसतो, वरही दिसतो. पण ते शेजारच्या आणि वरच्या विटेच्या खात्यातले. म्हणून हिशेब करताना प्रत्येक विटेच्या लांबीत एक सांधा मिळवायचा आणि उंचीत एक सांधा मिळवायचा, दोन-दोन नाही. वीट चारही बाजूंनी मालाने वेढलेली दिसते म्हणून दोन्हीकडे सांधा धरण्याची चूक बरेच जण करतात. मग प्रत्येक सांधा दोनदा मोजला जातो आणि विटा कमी पडतात.

आता माप घेऊ. आपल्याकडच्या भट्टीच्या विटेला सगळे ‘नऊ-चार-तीन’ म्हणतात, म्हणजे नऊ इंच लांब, चार रुंद, तीन उंच. प्रत्यक्षात टेप लावला तर वीट क्वचितच नेमकी इतकी भरते. माती वाळताना आणि भाजताना आकसते, आणि ती किती आकसेल हे मातीवर आणि भट्टीतल्या जागेवर ठरतं. जाळाजवळ राहून जास्त भाजलेली खंगर वीट आणखी लहान होते. म्हणून एक वीट हातात घेऊन मोजण्यात अर्थ नसतो. ढिगातून निरनिराळ्या ठिकाणच्या वीस विटा उचलाव्या, जमिनीवर लांबीने एकापुढे एक चिकटवून मांडाव्या, एकूण लांबी मोजावी आणि वीसने भागावं. मग त्याच विटा रुंदीने आणि उंचीने मांडून पुन्हा मोजावं. भारतीय मानकातही विटांची मापं तपासण्याची पद्धत हीच आहे, वीस विटा ओळीत लावून एकूण माप घेण्याची. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो.

समजा, अशा मोजणीत आपल्या विटेचं सरासरी माप पावणेनऊ इंच लांब, चार इंच एक सूत रुंद आणि पावणेतीन इंच उंच असं आलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी आणि सुतार दोघेही याच मापात बोलतात. आणि समजा सांधा चार सूत, म्हणजे अर्ध्या इंचाचा आहे. तर भिंतीच्या दर्शनी अंगावर एका विटेची जागा झाली सव्वानऊ इंच लांब आणि सव्वातीन इंच उंच. गुणाकार केला की तीस चौरस इंच येतात. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच असतात, म्हणून १४४ भागिले ३०, उत्तर ४.८. चार इंची भिंतीच्या, म्हणजे विटा एकेरी आडव्या लावून बांधलेल्या भिंतीच्या, दर चौरस फुटाला ४.८ विटा.

सांधा सोडून दिला असता तर काय झालं असतं? पावणेनऊ गुणिले पावणेतीन म्हणजे २४ चौरस इंच, आणि १४४ भागिले २४ म्हणजे चौरस फुटाला ६ विटा. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा साध्या आडभिंतीला कोऱ्या मापाने ६०० विटा निघतात, सांधा धरून ४८०. भिंतीच्या अंगाचा पाचवा हिस्सा मालाचा असतो, आणि तो विसरला तर १२० विटा अंगणात पडून राहतात.

अर्ध्या इंचाचा सांधा इतका फरक कसा पाडतो, असं वाटेल. पण वीट फक्त पावणेतीन इंच उंच आहे. दर पावणेतीन इंचांनंतर अर्धा इंच माल येतो. म्हणजे नुसत्या उंचीतच मालाचा वाटा सहा-साडेसहा हिश्श्यांत एक इतका होतो. वीट जितकी पातळ तितका हा वाटा वाढतो. पेशवेकालीन वाड्यांच्या गिलावा निखळलेल्या भिंती पाहिल्या तर पातळ विटांच्या थरांमधले चुन्याचे जाड पट्टे लगेच नजरेत भरतात. आजच्या हलक्या ब्लॉकची गोष्ट उलटी आहे. ६०० मिलिमीटर लांब आणि २०० मिलिमीटर उंच ब्लॉक तयार चिकट मसाल्याने लावला तर सांधा जेमतेम तीन मिलिमीटरचा राहतो, आणि तो हिशेबात धरला काय, न धरला काय, शंभर ब्लॉकमागे दोनाचाच फरक पडतो. सांध्याची चिंता खरी आहे ती लहान विटेच्या बाबतीत.

इथवर हिशेब चौरस फुटांचा झाला. पण आपल्याकडे बांधकामाचा बराचसा व्यवहार घनफुटांत आणि ब्रासमध्ये चालतो, शंभर घनफुटांची ब्रास. त्यामुळे विटांचाही हिशेब घनफळाने करायची सवय असते. सांधा धरूनही जी चूक होते, ती इथे. ती सहज पकडली जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घनफळाची रीत अशी : विटेच्या लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींत सांधा मिळवायचा, त्यांचा गुणाकार करायचा आणि भिंतीच्या घनफळाला त्याने भागायचं. आपल्या विटेला हे माप सव्वानऊ, चार इंच पाच सूत आणि सव्वातीन असं होतं. गुणाकार १३९ घन इंच. एका घनफुटात १,७२८ घन इंच असतात, म्हणून घनफुटाला १२.४३ विटा. आता तीच दहा बाय दहाची आडभिंत घ्या. तिची जाडी चार इंच एक सूत, घनफळ सुमारे ३४.४ घनफूट. १२.४३ ने गुणलं तर ४२७ विटा येतात. मघाशी आपण ४८० मोजल्या होत्या. ५३ विटा कुठे गेल्या?

त्या जाडीत गेल्या. एकेरी विटेच्या भिंतीला जाडीच्या दिशेने सांधाच नसतो. विटेच्या पुढे हवा आणि मागे हवा. पुढे गिलावा होईल, पण तो गवंड्याच्या वेगळ्या खात्यात. घनफळाच्या रीतीने मात्र जाडीतही अर्धा इंच माल गृहीत धरला, जो भिंतीत कधी भरलाच जाणार नाही. ही रीत मुळातच चूक आहे असं नाही. तिच्याबरोबर भिंतीची जाडीही सांध्यासकट धरायची असते, म्हणजे चार इंच एक सूत न धरता चार इंच पाच सूत. तसं केलं की उत्तर पुन्हा ४८० येतं. पण जागेवर टेप धरणारा माणूस भिंतीची खरी जाडी लिहितो, पुस्तकातला आकडा घेतो आणि दोन्ही जुळत नाहीत.

शाळा-कॉलेजच्या पुस्तकांतून आलेला ‘घनमीटरला ५०० विटा’ हा आकडाही असाच जपून वापरायला हवा. तो आला आहे मानक विटेवरून, जिचं माप १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटर. तिला दहा मिलिमीटरचा सांधा दिला की २०० बाय १०० बाय १०० होते आणि एका घनमीटरात अशा बरोबर ५०० जागा बसतात. सांधा सोडला तर त्याच घनमीटरात ६५० विटा निघतात. आकडा सुबक आहे, सरकारी अंदाजपत्रकांना सोयीचा आहे. पण त्या मापाची वीट आपल्या भट्टीवर मिळत नसेल तर तो आपल्या उपयोगाचा नाही. आपली पावणेनऊ इंची वीट त्या विटेहून लांब आणि जरा रुंद असली तरी उंचीला बरीच कमी आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : घर बांधणाऱ्याने विटा भिंतीच्या अंगावर मोजाव्या, घनफळात नाही. भिंत एकेरी असेल तर चौरस फुटाचा आकडा एकपट, नऊ इंची असेल तर दुप्पट. सहा इंची भिंतीसाठी सहा इंच रुंदीची वेगळी वीट मिळते. तिचीही लांबी आणि उंची मोजून, सांधा मिळवून हाच भागाकार करायचा.

नऊ इंची भिंतीला दुप्पट का, हे समजून घेण्यासारखं आहे. नऊ इंची भिंतीत विटा दोन प्रकारे बसतात. एका थरात त्या भिंतीच्या लांबीने पडतात, दोन विटा शेजारी-शेजारी आणि मध्ये एक सांधा. पुढच्या थरात त्या भिंतीला आडव्या पडतात आणि एकच वीट भिंतीची पूर्ण जाडी व्यापते. दोन्ही थरांची जाडी सारखी यायची तर दोन विटांची रुंदी अधिक एक सांधा बरोबर एका विटेची लांबी व्हायला हवी. आपल्या विटेचं पाहा : चार इंच एक सूत दोनदा म्हणजे सव्वाआठ, त्यात अर्धा इंच, झाले पावणेनऊ. मानक विटेचंही तसंच, ९० अधिक ९० अधिक १० म्हणजे १९०. सांधा असा विटेच्या मापातच गृहीत धरलेला असतो. सव्वानऊ इंच लांबीच्या पट्ट्यात पहिल्या प्रकारच्या थरात दोन विटा बसतात आणि दुसऱ्या प्रकारच्या थरातही दोनच. म्हणून कुठलाही थर घ्या, दर चौरस फुटाला ४.८ च्या दुप्पट, म्हणजे ९.६ विटा.

आता एक पूर्ण खोली मोजू. आतून बारा बाय दहा फुटांची खोली, भिंती नऊ इंची, जोत्यापासून स्लॅबच्या खालच्या अंगापर्यंत उंची दहा फूट. एक दरवाजा तीन बाय सात, दोन खिडक्या चार बाय चार. दरवाजा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर फिरणारा सहा इंची काँक्रीटचा पट्टा. हा पट्टा पैसे वाचवायला गाळू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात पुन्हा उभ्या राहिलेल्या घरांत त्यावर भर दिला गेला, कारण तो चारही भिंतींना एकत्र बांधून ठेवतो.

पहिली अडचण कोपऱ्यांची. बाहेरून मोजलं तर खोली साडेतेरा बाय साडेअकरा भरते आणि चार भिंतींची बेरीज ५० फूट येते. आतून मोजलं तर ४४ फूट. बाहेरच्या मापात प्रत्येक कोपरा दोनदा येतो, आतल्या मापात एकदाही येत नाही. खरं माप भिंतीच्या मध्यरेषेवर मिळतं : पावणेतेरा अधिक पावणेअकरा, दुप्पट, म्हणजे ४७ फूट. ४७ गुणिले दहा म्हणजे ४७० चौरस फूट. त्यातून दरवाजाचे २१ आणि खिडक्यांचे ३२ वजा केले की ४१७ उरतात. पट्ट्याने अर्धा फूट उंची ४७ फूट लांबीवर घेतली, ते साडेतेवीस वजा केले. राहिले ३९३.५ चौरस फूट. याला ९.६ ने गुणलं की साधारण ३,७८० विटा.

हा आकडा बरोबर आहे का हे दुसऱ्या वाटेने ताडून पाहता येतं, आणि पाहावंच. दहा फुटांतून पट्ट्याचे सहा इंच गेले की ११४ इंच उरतात. एक थर सव्वातीन इंचांचा, म्हणजे ३५ थर बसतात. ४७ फूट म्हणजे ५६४ इंच. सव्वानऊने भागून दुप्पट केली की एका थरात सुमारे १२२ विटा. ३५ थरांच्या ४,२७० झाल्या. दरवाजा आणि खिडक्यांच्या ५३ चौरस फुटांतल्या सुमारे ५१० वजा केल्या, उरल्या ३,७६०. दोन वाटांनी आलेल्या उत्तरांत वीस विटांचा फरक आहे. इतक्या मोठ्या कामात तो नगण्य. दोन उत्तरांत दोनशे-तीनशेचा फरक निघाला तर कुठेतरी माप चुकलं आहे असं समजावं.

याच खोलीला सांधा सोडून हिशेब केला असता तर ४,७२० विटा निघाल्या असत्या, साडेनऊशेच्या आसपास जास्त. ‘घनमीटरला ५००’ चा आकडा लावून आणि भिंत पूर्ण नऊ इंच धरून ४,१८० निघाल्या असत्या, चारशे जास्त. आणि घनफळाच्या रीतीत भिंतीची खरी जाडी लिहून सुमारे ३,५७० निघाल्या असत्या, दोनशे कमी. एकच खोली आणि चार उत्तरं. गवंडी, शेजारी आणि मोबाइल एकमेकांशी का जुळत नाहीत ते यावरून दिसतं.

३,७८० या भिंतीत बसणाऱ्या विटा. मागवताना तूटफूट धरावी लागते, आणि तिच्यासाठी साधारण पाच टक्के पुरतात. ट्रॉली खराब रस्त्याने लांबून येणार असेल, किंवा वीट हलकी भाजलेली असेल, तर थोडं जास्त धरावं. पण तुटलेली प्रत्येक वीट वाया जात नाही. कोपऱ्याला आणि दरवाजाच्या कडेला सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून गवंड्याला अर्ध्या आणि पाव तुकड्यांची गरज असतेच. त्यासाठी तो चांगली वीट फोडण्याआधी ढिगातले तुकडे वापरतो. मात्र भार घेणाऱ्या भिंतीच्या मधोमध तुकडेच तुकडे दिसू लागले तर काम थांबवून विचारावं. आपल्या खोलीसाठी चार हजार विटा मागवणं रास्त आहे.

आता या हिशेबातली सगळ्यात नाजूक गोष्ट. आपण सांधा अर्ध्या इंचाचा धरला. गवंडी तो खरंच अर्ध्या इंचाचा ठेवेल का? बांधकामाच्या सर्वसाधारण नियमांत सांधा दहा मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही थोडा कमी, असतो. तसा काटेकोर ठेवला तर आपल्या खोलीला सुमारे ३,९४० विटा लागतील. आणि सांधा सहा सुतांचा, म्हणजे पाऊण इंचाचा, झाला तर ३,४१० मध्ये भिंत उभी राहील. विटा तुमच्या आणि मजुरी कंत्राटदाराची असेल तर जाड सांध्याने त्याचं काम भराभर वर चढतं, कारण त्याच उंचीला थर कमी लागतात. मालकालाही विटा उरल्याचं समाधान वाटतं. ते समाधान महाग पडतं.

मालाचा हिशेब करून पाहू. भिंतीच्या घनफळातून विटांचं घनफळ वजा केलं की उरतो तो माल. अर्ध्या इंचाच्या सांध्याला आपल्या खोलीत सुमारे ७० घनफूट माल जातो. पाऊण इंचाला जवळजवळ १०० घनफूट. कोरडं सिमेंट आणि वाळू पाण्यात कालवली की आकसतात, म्हणून कोरडा माल एक-तृतीयांश जास्त घ्यावा लागतो. एकास सहा या प्रमाणात हिशेब केला तर अर्ध्या इंचाला सिमेंटच्या सुमारे ११ गोण्या आणि पाऊण ब्रासहून थोडी जास्त वाळू लागते. पाऊण इंचाला १५ गोण्या आणि एक ब्रासहून जास्त वाळू. म्हणजे ३७० विटा वाचल्या, पण सिमेंटच्या चार गोण्या आणि ब्रासचा तिसरा हिस्सा वाळू वाढली. आपल्या गावचे भाव घालून पाहिले की बचत किती उरते ते कळेल. विटेवर खोल खाच असेल आणि ती वर करून वीट लावली जात असेल तर तिच्यात भरणारा माल याहून वेगळा धरावा.

पैशापेक्षा मोठा प्रश्न ताकदीचा आहे. वरून भार आला की सांध्यातला माल दबतो आणि बाजूला पसरू पाहतो. पसरताना तो आपल्याला चिकटलेल्या विटेला आडवं ताणतो. वीट दाब चांगला सोसते, ताण मात्र फारच कमी सोसते. सांधा जितका जाड तितकं हे पसरणं जास्त; त्यामुळे त्याच विटांची आणि त्याच मालाची भिंत जाड सांध्याने कमजोर होते आणि तिच्यात उभ्या भेगा पडू शकतात. मग सांधा अगदीच पातळ का ठेवू नये? कारण भट्टीची वीट सगळीकडे सारख्या उंचीची नसते. एक वीट दोन सूत उंच, दुसरी एक सूत वाकडी. थर पाणसळीत राखायचा तर हा उंचसखलपणा मालातच जिरवावा लागतो, आणि त्यासाठी दहा मिलिमीटरची जागा लागतेच. वेड्यावाकड्या विटा घेतल्या की सांधा आपोआप जाड होतो. त्यामुळे स्वस्त विटेचा खरा भाव भिंत उभी राहिल्यावर कळतो.

सांधा तपासायची रीत अगदी सोपी आहे. बांधून झालेल्या भिंतीवर दहा थर मोजावे, एका थराच्या खालच्या कडेपासून अकराव्या थराच्या खालच्या कडेपर्यंत टेप धरावा. आपल्या विटेला साडेबत्तीस इंच आले तर सांधा अर्ध्या इंचाचा आहे. पस्तीस आले तर पाऊण इंचाचा. एकेक सांधा मोजण्यापेक्षा ही मोजणी खरी असते, कारण एका सांध्याला पट्टी लावली तर विटेच्या तुटक्या कडेमुळे आकडा फसवतो. आणि ही मोजणी पहिल्या दिवशी संध्याकाळी करावी, तीन-चार फूट भिंत चढलेली असताना. स्लॅबपर्यंत गेल्यावर बोलून काही उपयोग होत नाही.

विटांच्या हिशेबात न दिसणारी एक गोष्ट मात्र वेगळी पाहावी लागते. उभा सांधा मापाने बरोबर ठेवला जातो, पण पूर्ण भरला जात नाही. गवंडी विटेच्या टोकाला बाहेरच्या कडेवर थोडा माल लावतो, वीट सरकवतो, आणि बाहेरून सांधा भरलेला दिसतो. आत तो पोकळ असतो. विटांची संख्या तीच राहते, मालाची मात्र बचत होते, आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून आलेला मारा त्याच पोकळीतून आत येऊन भिंतीवर ओलीचे डाग उमटवतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे डाग अनेकांनी पाहिलेले आहेत. काम ताजं असताना एखादी वीट उचलायला सांगावी. तिच्या खालच्या अंगावर आणि टोकावर माल सगळीकडे चिकटलेला दिसला पाहिजे. मधे कोरडा भाग दिसला तर त्या दिवसाचं काम पुन्हा पाहावं लागेल. विटा आधी पाण्यात भिजवल्या होत्या का हेही तेव्हाच कळतं. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल तिला न चिकटता भुसभुशीत होऊन सुटतो.

कंपाउंडच्या खांबांसारख्या लहान कामांना चौरस फुटाचा हिशेब लावू नये. दीड वीट बाय दीड विटेचा खांब असेल तर एका थरात साडेचार विटा बसतात. त्याला थरांच्या संख्येने गुणावं. आपल्या विटेच्या सहा फुटी खांबाला २२ थर, म्हणजे ९९ विटा. मग दोन खांबांमधली भिंत खांबाच्या आतल्या कडेपासून मोजावी, नाही तर खांबातल्या विटा पुन्हा भिंतीत धरल्या जातात. पाया आणि जोतं विटांचंच असेल तर तेही वेगळं मोजावं, कारण तिथे भिंत पायरीपायरीने रुंद होत जाते आणि प्रत्येक पायरीची जाडी निराळी असते.

विटा एकदम मागवाव्या की दोन खेपांत, असं बरेच जण विचारतात. भट्ट्या साधारण दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर थांबतात, म्हणून मे महिन्यात काम सुरू करणाऱ्याने सगळ्या विटा आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या. एरवी तीन हजार आधी आणाव्या, दहा-बारा थर चढले की दहा थरांची उंची मोजावी, एका थरात खरोखर किती विटा गेल्या ते मोजावं, आणि उरलेल्या थरांचा हिशेब त्या आकड्यांवर करून दुसरी ट्रॉली सांगावी. दुसऱ्या खेपेची वीट त्याच भट्टीची असावी. मापात एक सुताचाही फरक असला तरी पस्तीस थरांत तो चार इंचांच्या पुढे जातो.